तपासणीआधीचे सात दिवस: घरच्या बीपीची वही कशी लिहावी

तीन महिन्यांत घेतलेले नव्वद आकडे वहीत आहेत आणि तरीही गोळी वाढवायची की आहे तीच ठेवायची, हे त्यावरून ठरत नाही. असं बऱ्याचदा होतं. कारण त्यातले काही आकडे सकाळी उठल्याउठल्या घेतलेले असतात, काही जिना चढून आल्यावर, काही डोकं दुखत होतं म्हणून, आणि काही आधीचा आकडा पटला नाही म्हणून पुन्हा मोजलेले. असे आकडे शेजारीशेजारी लिहिले तरी त्यांची सरासरी काढण्यात अर्थ नसतो. याउलट ठरावीक पद्धतीने मोजलेले फक्त अठ्ठावीस आकडे डॉक्टरांना पुष्कळ सांगून जातात. या लेखात त्या अठ्ठावीस आकड्यांबद्दलच बोलू.

हिशोब सोपा आहे. सात दिवस सलग, रोज सकाळी आणि संध्याकाळी, दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. म्हणजे दिवसाला चार आणि आठवड्याला अठ्ठावीस. यातले पहिल्या दिवसाचे चार आकडे सरासरीत धरायचे नाहीत. उरलेल्या चोवीस आकड्यांची सरासरी काढायची. वरच्यांची वेगळी, खालच्यांची वेगळी.

पहिला दिवस का सोडायचा? पट्टा आवळला जाण्याची सवय नसते, आकडा काय येईल याची धाकधूक असते, बैठक नीट जमलेली नसते. त्यामुळे पहिल्या दिवसाचे आकडे बहुतेकांच्या बाबतीत पुढच्या दिवसांपेक्षा चढे येतात. मात्र ते वहीत लिहायचे, खोडायचे नाहीत. फक्त बेरजेत घ्यायचे नाहीत.

दोनदा मोजण्याचं कारणही जवळपास तेच आहे. दिवसातला पहिला आकडा सहसा दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त असतो. एकदाच मोजून थांबलात तर सरासरी सतत वर ओढली जाते. आणि दुसरा आकडा बरा दिसतो म्हणून तेवढाच लिहिलात तर ती खाली ओढली जाते. दोन्ही लिहा. दोन आकड्यांमध्ये दहापेक्षा जास्त फरक पडला तर आणखी एक मिनिट थांबून तिसरा घ्या आणि तोही लिहा.

मग सातच दिवस का? रक्तदाब हा मुळात स्थिर आकडा नाही. झोप, ताण, जेवण, हालचाल यांबरोबर तो दिवसभर वर-खाली होत असतो. सुरुवातीच्या प्रत्येक दिवसागणिक सरासरी बरीच सावरते. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर नव्या आकड्यांनी ती फारशी हलत नाही. आठवडा पूर्ण केला की कामाचे दिवस आणि सुट्टीचा दिवस दोन्ही त्यात येतात, हा वरचा फायदा. प्रवासामुळे किंवा आजारपणामुळे सात दिवस जमले नाहीत, तर निदान चार दिवस तरी करावेत. पहिला दिवस सोडल्यावर बारा आकडे उरतात, आणि बारापेक्षा कमी आकड्यांवर औषधाचा निर्णय बेतू नये. उलट बाजूने, पंधरा दिवस रोज दहा वेळा मोजून माहिती वाढत नाही. वाढते ती काळजी, आणि काळजीने बीपीही वाढतं.

मोजण्याची वेळ

सकाळचं मोजमाप उठल्यापासून तासाभरात करावं. लघवीला जाऊन आल्यावर, चहा-कॉफी, नाश्ता आणि व्यायामाच्या आधी. आणि सकाळची गोळी घेण्यापूर्वी. हा शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त वेळा चुकतो. सकाळी आठला घेतलेल्या गोळीने दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत काम करायला हवं. ती तेवढी पुरते का, हे कळण्याची एकच वेळ असते: पुढची गोळी घेण्याच्या थोडं आधी. गोळी घेऊन दोन-तीन तासांनी मोजलं तर आकडा छान येईल, पण तो गोळीचा जोर सर्वाधिक असतानाचा असेल. पहाटेपासून बीपी वर राहत असेल तर ते अशा वहीत कधीच दिसणार नाही. संध्याकाळीही बीपीची गोळी असेल तर तिथेही हाच नियम: आधी मोजायचं, मग गोळी.

संध्याकाळची वेळ जेवणाआधीची ठेवा किंवा झोपण्यापूर्वीची, पण सातही दिवस तीच. जेवणानंतर लगेच, गरम पाण्याने अंघोळ केल्यावर किंवा मद्य घेतल्यावर आकडा काही काळ खाली येऊ शकतो. धूम्रपान, कॉफी किंवा व्यायाम झाला असेल तर अर्धा तास जाऊ द्या.

बैठक आणि पट्टा

चुकीची बैठक आकड्यात दर वेळी एकाच दिशेने भर घालते, आणि सरासरी काढून ती भर जात नाही. म्हणून ही बाब वहीइतकीच महत्त्वाची.

पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत बसा. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. पाच मिनिटं शांत बसा. मोबाइल नाही, टीव्ही नाही, गप्पा नाहीत. पट्टा भरत असताना बोलल्याने वरचा आकडा सहज दहाने वाढू शकतो, आणि बोलणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. लघवी तुंबलेली असेल तरीही आकडा फुगतो.

हात टेबलावर टेकलेला हवा आणि दंडावरचा पट्टा हृदयाच्या पातळीला, म्हणजे साधारण छातीच्या मध्याच्या रेषेत. दंड त्या पातळीच्या दहा सेंटीमीटर खाली असेल तर आकडा सात-आठ अंकांनी जास्त दिसतो. हात मांडीवर ठेवून किंवा शेजारी लोंबकळत सोडून मोजणाऱ्यांचं बीपी यामुळेच ‘वाढतं’. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी किंवा घडी केलेला टॉवेल ठेवा. हात स्वतःच्या ताकदीने उचलून धरू नका, कारण त्या ताणानेही आकडा चढतो.

पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, शर्टाच्या बाहीवरून नाही. बाही वर गुंडाळल्यावर ती दंडाला आवळत असेल तर ती काढूनच टाका. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर असावी. पट्ट्याचा आकार तर आधीच तपासायला हवा. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध टेपने दंडाचा घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मर्यादेशी ताडून पाहा. यंत्रासोबत बहुधा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराचा पट्टा येतो. दंडाचा घेर ३६ असताना तोच वापरला, तर पट्टा दंडावर कसाबसा बसतो, आकडा मात्र खऱ्यापेक्षा बराच जास्त दाखवतो. अशा माणसाला गरज नसताना जास्त औषध मिळण्याचा धोका असतो. मोठा पट्टा वेगळा मिळतो, पण तो त्याच यंत्रासाठी बनवलेला असावा.

कोणता हात? आठवडा सुरू करण्याआधी एकदा दोन्ही दंडांवर मोजून पाहा. शक्यतो हे दोन-तीन वेळा करा, म्हणजे एखाद्या आकड्याने फसगत होणार नाही. एका हाताचा आकडा सतत दहापेक्षा जास्त येत असेल, तर पुढे कायम त्याच हातावर मोजा आणि हा फरक डॉक्टरांना सांगा. विशेष फरक नसेल तर कोणताही हात चालेल, पण आठवडाभर तोच. मनगटावरची यंत्रं सोयीची वाटतात, पण मनगट थोडं वर-खाली झालं तरी आकडा बदलतो. दंडावरचं, तपासून प्रमाणित झालेलं यंत्र घ्यावं.

वहीचं पान

पानाच्या वरच्या बाजूला एकदाच लिहायचं: कोणता हात, कोणता पट्टा, सध्याच्या बीपीच्या गोळ्यांची नावं, त्यांचे डोस आणि घेण्याच्या वेळा, आणि शेवटचा बदल कोणत्या तारखेला झाला. त्याखाली रोजच्या ओळीत तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडीचे ठोके आणि एक छोटा रकाना शेऱ्यासाठी.

शेरा म्हणजे रोजनिशी नव्हे. बीपीवर खरोखर परिणाम करणारं काही घडलं तरच तिथे दोन शब्द लिहायचे. गोळी चुकली. रात्रभर झोप नाही. ताप. आणि एक शेरा हमखास राहून जातो: अंगदुखीची गोळी. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवतात आणि बीपीच्या काही औषधांचा परिणामही कमी करतात. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांचंही तसंच आहे. गुडघा दुखतोय म्हणून आठवडाभर अशी गोळी घेतली आणि वहीत लिहिलं नाही, तर दोष बीपीच्या औषधाला लागतो.

आकडा यंत्रावर दिसतो तसाच, लगेच उतरवा. १३७ असेल तर १३७, ‘साधारण १४०’ नाही. अनुभवी डॉक्टर वही हातात घेताच आकड्यांचे शेवटचे अंक पाहतात. खऱ्या मोजमापात शून्याने संपणारे आकडे दहात एखादाच असतात. पानभर १३०/८०, १४०/९० अशीच ओळ दिसली की वही आठवणीने भरली आहे हे उघड होतं. यंत्रात मेमरी असेल तर तारीख-वेळ आधी बरोबर लावा आणि तपासणीला जाताना यंत्रही सोबत न्या. घरातले दोघे एकच यंत्र वापरत असतील तर दोघांसाठी वेगळी बटणं आहेत का ते पाहा. नाहीतर नवऱ्याचे आकडे बायकोच्या सरासरीत जातात.

एक भरलेलं पान

आता एक आठवडा प्रत्यक्ष पाहू. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा ५८ वर्षांच्या एका बाईंना दवाखान्यात १५२/९० आलं. सकाळी एक गोळी सुरू आहे. डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर घरी मोजून आणा.

| दिवस | सकाळ १ | सकाळ २ | संध्याकाळ १ | संध्याकाळ २ |
|---|---|---|---|---|
| १ | १५८/९४ | १५०/९१ | १४९/९० | १४६/८८ |
| २ | १४२/८६ | १३८/८४ | १३४/८२ | १३०/८० |
| ३ | १४४/८८ | १३९/८६ | १३२/८० | १३१/७९ |
| ४ | १४०/८५ | १३७/८४ | १२९/७८ | १२८/७८ |
| ५ | १४३/८७ | १४०/८५ | १५०/८८ | १३८/८२ |
| ६ | १४१/८६ | १३६/८४ | १३३/८१ | १२९/७९ |
| ७ | १३९/८५ | १३८/८४ | १३१/८० | १३०/७९ |

पहिला दिवस सोडून वरच्या चोवीस आकड्यांची बेरीज ३२७२ येते. तिला २४ ने भागलं की १३६. खालच्यांची बेरीज १९९०, सरासरी ८३. म्हणजे या आठवड्याचं उत्तर १३६/८३. पहिला दिवसही धरला असता तर १३८/८४ आलं असतं.

पाचव्या दिवशीची संध्याकाळ पाहा. १५०/८८ बघून बाई घाबरल्या आणि ती ओळ खोडावी असं त्यांना वाटलं. ती संध्याकाळ पूर्ण वगळली तर वरची सरासरी १३६.३ वरून १३५.६ होते. फरक एका अंकाहूनही कमी! चोवीस आकड्यांत एखादा वेडावाकडा आला तरी तो असा विरघळून जातो. खोडाखोड करण्यापेक्षा शेऱ्यात कारण लिहिणं केव्हाही बरं. त्याच वेळी घेतलेला दुसरा आकडा १३८ आहे हेही बघा. फरक बाराचा आहे, म्हणजे इथे तिसरं मोजमाप घ्यायला हवं होतं.

घरच्या सरासरीसाठी बहुतेक मार्गदर्शक तत्त्वांत १३५/८५ ही वाढलेल्या रक्तदाबाची सीमा धरली जाते. दवाखान्यातल्या १४०/९० शी ती जुळते. घरचे आकडे सहसा थोडे कमी असतात, म्हणून सीमाही खाली आहे. अमेरिकेतली मार्गदर्शक तत्त्वं याहून कडक, १३०/८० धरतात. औषध सुरू असलेल्या माणसासाठी लक्ष्य किती ठेवायचं हे वय, मधुमेह, मूत्रपिंडं, चक्कर येण्याची सवय या सगळ्यावर अवलंबून असतं. ते आकडे डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावेत.

या बाईंचं उत्तर सीमेच्या जरासंच वर आहे. म्हणजे दवाखान्यातल्या १५२ पैकी बराच भाग दवाखान्याच्या वातावरणाचा होता, पण सगळा नाही. आणखी एक गोष्ट या पानात आहे, ती एका सरासरीत लपते. सकाळची आणि संध्याकाळची सरासरी वेगळी काढली की सकाळी १४०/८५ आणि संध्याकाळी १३३/८१ मिळतं. पाचवा दिवस सोडला तर रोज सकाळ चढी आहे. सकाळी घेतलेल्या गोळीचा असर दुसऱ्या सकाळपर्यंत पुरत नसावा, अशी शंका इथे येते. रात्री झोपेत घोरणं आणि श्वास अडखळणं हेही सकाळच्या चढ्या बीपीचं एक कारण असू शकतं. गोळी बदलायची, डोस वाढवायचा, वेळ बदलायची की आधी झोपेची चौकशी करायची, हा निर्णय डॉक्टरांचा. पण तो प्रश्न विचारला जातो तो सकाळ-संध्याकाळचे रकाने वेगळे ठेवल्यामुळे.

आठवडा कधी सुरू करायचा

औषध बदललं की दुसऱ्याच दिवसापासून मोजायला घेण्याचा मोह होतो. त्या दिवसांचे आकडे अर्धवट असतात. ॲम्लोडिपिनसारखी गोळी शरीरात हळूहळू साठत जाते आणि रक्तातली तिची पातळी स्थिर व्हायलाच आठवडाभर लागतो. बऱ्याच औषधांचा पूर्ण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात. समजा गोळी १ तारखेला बदलली आणि तपासणी २९ ला आहे. मग सात दिवसांची वही २२ ते २८ या दरम्यान भरायची. मधल्या तीन आठवड्यांत गोळी न चुकवणं एवढंच काम. उभं राहताना चक्कर येऊ लागली तर मात्र थांबू नका. बसून मोजा, मग उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त घसरत असेल तर ते आकडे घेऊन लगेच डॉक्टरांशी बोला.

लक्षणं जाणवली म्हणून घेतलेले आकडे कुठे लिहायचे? वहीच्या मागच्या पानावर, वेळ आणि लक्षण यांच्यासह. सात दिवसांच्या बेरजेत ते घ्यायचे नाहीत. डोकं दुखल्यावरच मोजलं तर फक्त वाईट क्षणांची सरासरी हाती येईल.

काही आकड्यांसाठी मात्र आठवडा पूर्ण होण्याची वाट बघायची नसते. वरचा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तसाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. स्वतःच्या मनाने जादा गोळी घेऊन तो झटकन खाली आणू नका. सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं किंवा दिसेनासं होणं यांपैकी काही असेल, तर पुन्हा मोजत न बसता तातडीच्या उपचारांसाठी निघा. गरोदरपणात तर हे सगळेच नियम वेगळे आहेत. तिथे १४०/९० हा आकडासुद्धा त्याच दिवशी सांगायचा असतो.

आणखी एक मर्यादा यंत्राची. पट्ट्यातली हवा सुटत असताना धमनीच्या स्पंदनांनी त्यात जे कंप उठतात, त्यांवरून हे यंत्र आकडा काढतं. ठोके अनियमित असतील, विशेषतः हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडली असेल, तर प्रत्येक स्पंदन वेगळ्या जोराचं येतं आणि लागोपाठचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. अशा वेळी दर वेळी दोनऐवजी तीन मोजमापं घ्यावीत. पडद्यावर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दिसत असेल आणि त्याबद्दल आधी तपासणी झालेली नसेल, तर शेऱ्यात तशी नोंद करा आणि ईसीजीबद्दल विचारा.

तपासणी झाली, बीपी लक्ष्यात आहे आणि औषध तेच चालू राहणार असेल, तर रोज मोजण्याची गरज उरत नाही. आठवड्यातून एखादा दिवस, किंवा महिन्यातून एक-दोन दिवस, त्याच सकाळ-संध्याकाळच्या पद्धतीने मोजलं तरी पुरे. पुढच्या तपासणीची तारीख ठरली की त्याच्या आठ दिवस आधी नवं पान काढायचं, पट्ट्याचा घेर आणि यंत्राची वेळ पुन्हा एकदा पाहायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोळीच्या आधी पहिला आकडा लिहायचा.